शेअर जप्तीचा हिशोब: प्रीमियम कधी नावे टाकायचा आणि भांडवली राखीव निधीत किती न्यायचे

कंपनी खात्यांच्या पेपरात शेअर्सचा प्रश्न आला की पहिल्या पाच-सहा नोंदी बहुतेकांच्या बरोबर येतात. अर्जाचे पैसे आले, वाटप झाले, हप्ते मागितले, इथपर्यंत हात सराईतपणे चालतो. गडबड होते ती शेवटच्या चार ओळींत. जप्तीच्या नोंदीत प्रीमियम नावे टाकायचा की नाही, आणि पुनर्विक्रीनंतर भांडवली राखीव निधीत किती रक्कम न्यायची, या दोन जागी. उत्तरपत्रिका तपासताना मी थेट तिथेच बघतो. त्या दोन ओळी बरोबर असल्या तर वरचे बहुधा बरोबरच असते.

गंमत म्हणजे या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच सवालातून निघतात: या शेअरवर कंपनीच्या हातात खरोखर किती पैसे आले, आणि ते कशापोटी आले? हा सवाल धरून ठेवला तर नियम पाठ करावे लागत नाहीत.

आधी किमतीबद्दल थोडेसे. शेअरला एक दर्शनी किंमत असते, समजा 10 रु. तेवढ्यालाच विकला तर सममूल्याने विक्री; पुस्तकात ‘पार’ म्हणतात ते हेच. 12 रुपयांना विकला तर वरचे 2 रु. म्हणजे प्रीमियम, मराठी पुस्तकातले अधिमूल्य. आणि 9 रुपयांना विकला तर 1 रुपयाची सूट, म्हणजे कसर. तिन्ही प्रकारांत एक गोष्ट बदलत नाही: शेअर भांडवल खात्याला नेहमी दर्शनी किंमतच जमा होते. 12 ला विकला तरी भांडवल 10. उरलेले 2 रु. वेगळ्या खात्यात, सिक्युरिटीज प्रीमियम खात्यात बसतात.

हे खाते वेगळे का, हे समजून घ्या, कारण जप्तीच्या वेळी सगळा खेळ त्यावर आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 52 ने या रकमेला कुंपण घातले आहे. बोनस शेअर्स देणे, शेअर्स किंवा कर्जरोखे काढण्याचा खर्च निकाली काढणे, शेअर्सची फेरखरेदी करणे अशा ठरावीक कामांसाठीच ती वापरता येते. लाभांश म्हणून वाटता येत नाही. म्हणजे प्रीमियम एकदा हातात आला की तो जवळजवळ भांडवलासारखाच बांधला जातो. तो सहजासहजी त्या खात्यातून बाहेर काढता येत नाही.

राहिली कसर. इथे जुन्या पुस्तकांमुळे मुलांचा गोंधळ होतो. 1956 च्या कायद्यात कलम 79 खाली काही अटी पाळून सूट देऊन शेअर काढता येत असत. 2013 च्या कायद्याच्या कलम 53 ने ते दार बंद केले. आता सूट देऊन नवे शेअर काढले तर ती विक्रीच निरर्थक ठरते. अपवाद दोन. एक, कलम 54 खालचे स्वेट इक्विटी शेअर्स, जे कंपनी आपल्या कर्मचाऱ्यांना किंवा संचालकांना ज्ञानाच्या, तंत्राच्या बदल्यात देऊ शकते. दुसरा 2017 च्या दुरुस्तीने आला: कायदेशीर निराकरण योजनेत किंवा रिझर्व्ह बँकेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे होणाऱ्या कर्ज पुनर्रचनेत धनकोंचे कर्ज शेअर्समध्ये बदलले जाते तेव्हा. त्यामुळे आजच्या साध्या प्रश्नात नव्या शेअरवर कसर दिसणार नाही. पण जप्त झालेला शेअर पुन्हा विकताना सूट दिलेली दिसेल, आणि ‘हे कसे चालते?’ असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर पुढे आकड्यांतूनच मिळते.

आता एक प्रश्न पूर्ण सोडवू.

एका कंपनीने दर्शनी 10 रुपयांचे 10,000 शेअर्स 2 रु. प्रीमियमने विक्रीला काढले. पैसे असे भरायचे होते: अर्जाबरोबर 3 रु., वाटपावर 5 रु. (यात प्रीमियमचे 2 रु. धरून), पहिला हप्ता 2 रु. आणि शेवटचा हप्ता 2 रु. सगळ्या शेअर्सना अर्ज आले, तितक्यांचेच वाटप झाले. 300 शेअर्सचा धारक ‘अ’ याने अर्जाचे पैसे भरले, पण वाटपाचे आणि दोन्ही हप्त्यांचे भरले नाहीत. 200 शेअर्सचा धारक ‘ब’ याने अर्ज आणि वाटप दोन्हीचे भरले, पण एकही हप्ता भरला नाही. शेवटच्या हप्त्यानंतर कंपनीने हे सगळे 500 शेअर्स जप्त केले. पुढे त्यातले 400 शेअर्स, म्हणजे ‘अ’ चे सर्व 300 आणि ‘ब’ चे 100, पूर्ण भरलेले म्हणून प्रत्येकी 8 रुपयांना पुन्हा विकले.

हप्त्याला काही पुस्तकांत याचना म्हणतात आणि वर्गात आपण सर्रास ‘कॉल’ म्हणतो. मी हप्ता म्हणतो आहे.

पेन उचलायच्या आधी कच्च्या कागदावर दोनच ओळी लिहा. ‘अ’ कडून प्रत्येक शेअरमागे आले 3 रु., सगळे भांडवलापोटी. प्रीमियम आला नाही. ‘ब’ कडून आले 8 रु.; त्यातले 6 भांडवलापोटी, 2 प्रीमियमपोटी. या दोन ओळी समोर ठेवल्या की पुढचा अर्धा प्रश्न सुटल्यात जमा आहे.

सुरुवातीच्या नोंदींवरून भरभर जाऊ. अर्जाचे 10,000 × 3 = 30,000 रु. बँकेत आले, बँक खाते नावे, शेअर अर्ज खात्याला जमा. वाटप झाल्यावर तेच 30,000 अर्ज खात्यातून शेअर भांडवल खात्यात गेले. वाटपाची नोंद मात्र नीट पाहा, कारण प्रीमियम इथे प्रवेश करतो:

शेअर वाटप खाते … नावे 50,000
  शेअर भांडवल खात्याला 30,000
  सिक्युरिटीज प्रीमियम खात्याला 20,000
(10,000 शेअर्सवर वाटपाचे 5 रु. येणे झाले, त्यात 2 रु. प्रीमियम)

एक गोष्ट लक्षात आली का? प्रीमियम खाते पूर्ण 20,000 ने जमा झाले. ‘अ’ ने त्याचे 600 रु. भरले आहेत की नाहीत, याचा विचार या क्षणी झालेलाच नाही. पैसे येणे झाले म्हणून नोंद झाली. हातात आले म्हणून नव्हे. हीच नोंद जप्तीच्या वेळी परत फिरवावी लागणार आहे, पण फक्त ‘अ’ च्या बाबतीत.

वाटपाचे पैसे 9,700 शेअर्सचे आले, म्हणजे 48,500. वाटप खात्यात ‘अ’ चे 1,500 रु. थकले. पहिला हप्ता 20,000 चा येणे झाला, 9,500 शेअर्सचे 19,000 आले, 1,000 थकले. शेवटच्या हप्त्याचेही तसेच: 20,000 येणे, 19,000 आले, 1,000 थकले. शेअर भांडवल खात्याला आता एकूण 1,00,000 जमा दिसतात, जरी सगळे पैसे आलेले नसले तरी.

आता जप्ती. कंपनी उठली आणि शेअर जप्त केले, असे होत नाही. जप्तीचा अधिकार कंपनीच्या नियमावलीत असावा लागतो. कायद्याच्या परिशिष्टातल्या टेबल एफ मध्ये त्याचा नमुना आहे: थकबाकीदाराला नोटीस द्यायची, त्या नोटिशीत किमान 14 दिवस पुढची तारीख द्यायची, आणि त्या तारखेपर्यंत पैसे भरले नाहीत तर शेअर जप्त होतील असे बजावायचे. त्यानंतर संचालक मंडळाचा ठराव. तोपर्यंत रोजकीर्दीत काहीच लिहायचे नसते.

जप्ती झाली म्हणजे तो शेअर त्या माणसाचा राहिला नाही. त्याने भरलेले पैसे कंपनी परत करत नाही. मग हिशोबाच्या दृष्टीने करायचे काय? त्या शेअर्सपोटी आजवर जी जमा-नावे उभी केली ती मोडायची, आणि जे पैसे खरोखर आले ते एका वेगळ्या खात्यात बाजूला ठेवायचे. त्या खात्याचे नाव शेअर जप्ती खाते.

‘अ’ च्या 300 शेअर्सची नोंद:

शेअर भांडवल खाते … नावे 3,000
सिक्युरिटीज प्रीमियम खाते … नावे 600
  शेअर वाटप खात्याला 1,500
  पहिला हप्ता खात्याला 600
  शेवटचा हप्ता खात्याला 600
  शेअर जप्ती खात्याला 900
(वाटप व हप्ते न भरल्यामुळे 300 शेअर्स जप्त केले)

भांडवल 3,000 का? कारण 300 शेअर्सवर 10 रुपये पूर्ण मागून झाले होते. इथे एक बारीक अट आहे: भांडवल खात्याला जेवढे मागितले गेले तेवढेच नावे टाकायचे. शेवटचा हप्ता मागण्याआधीच जप्ती झाली असती तर 300 × 8 = 2,400 आले असते, आणि शेवटच्या हप्त्याचा उल्लेखच आला नसता. प्रश्नात जप्ती नेमकी कधी झाली हे वाक्य दोनदा वाचा. पेपर काढणारे बऱ्याचदा तिथेच गाठ मारून ठेवतात.

प्रीमियम 600 नावे, कारण तो हातात आलाच नाही. वाटपाच्या वेळी आपण येणार या आशेवर तो जमा केला होता. आता येणार नाही हे नक्की झाले, म्हणून जमा मागे घेतली. जी थकबाकी मोडली त्या 1,500 मध्ये हे 600 आहेतच, म्हणून दोन्ही बाजू जुळतात.

‘ब’ च्या 200 शेअर्सची नोंद:

शेअर भांडवल खाते … नावे 2,000
  पहिला हप्ता खात्याला 400
  शेवटचा हप्ता खात्याला 400
  शेअर जप्ती खात्याला 1,200
(दोन्ही हप्ते न भरल्यामुळे 200 शेअर्स जप्त केले)

इथे प्रीमियमचे नाव नाही. ‘ब’ ने त्याचे 400 रु. भरलेले आहेत. आलेला प्रीमियम कलम 52 च्या कुंपणात गेला, तो जप्तीमुळे बाहेर येत नाही. म्हणून ‘ब’ ने एकूण 1,600 रु. भरूनही जप्ती खात्यात 1,200 च जातात. 400 प्रीमियम खात्यातच राहतात.

सर्वांत जास्त चुकणारी ओळ हीच. ‘शेअर्स प्रीमियमने काढले होते, मग जप्तीत प्रीमियम नावे’ असे गृहीत धरून मुले 500 × 2 = 1,000 रु. नावे टाकतात. मग ‘ब’ च्या नोंदीची जमा बाजू 400 ने कमी पडते, आणि बेरीज जुळवायला ती जप्ती खात्यात कोंबली जाते. नोंद जुळते, उत्तर चुकते. रोजकीर्दीची बेरीज जुळली म्हणजे नोंद बरोबर असे नाही, याचे यापेक्षा चांगले उदाहरण माझ्याकडे नाही.

थकबाकीसाठी काही पुस्तके प्रत्येक हप्त्याचे वेगळे खाते ठेवत नाहीत, एकच ‘थकीत हप्ते खाते’ ठेवतात. तसे असेल तर ‘अ’ च्या नोंदीत 1,500, 600 आणि 600 या तीन ओळींऐवजी थकीत हप्ते खात्याला 2,700 असे एकदाच येईल. बाकी काही बदलत नाही.

आता जप्ती खात्यात 900 आणि 1,200 मिळून 2,100 रु. जमा आहेत. हा नफा आहे का? अजून नाही. कंपनीच्या हातात 500 मोकळे शेअर्स आहेत आणि ते किती किमतीला जातील हे ठरायचे आहे. कमी किमतीला गेले तर फरक याच 2,100 मधून भरून काढावा लागेल. म्हणून शेअर पुन्हा विकला जाईपर्यंत ही रक्कम तशीच ठेवायची, कुठेही वळवायची नाही.

इथे मघाचा प्रश्न येतो. नव्या शेअरवर सूट चालत नाही, मग जप्त शेअर 8 ला कसा विकता येतो? ‘अ’ च्या एका शेअरकडे पाहा. त्यापोटी 3 रु. आधीच आलेले आहेत आणि ते कंपनीकडेच राहिले. नव्या माणसाकडून 7 आले तरी 3 + 7 = 10, दर्शनी किंमत पूर्ण वसूल. म्हणजे खऱ्या अर्थाने शेअर सुटीत गेलेलाच नाही. यातूनच मर्यादाही निघते: जास्तीत जास्त सूट म्हणजे त्या शेअरपोटी जप्ती खात्यात आलेली रक्कम. ‘अ’ चा शेअर 7 रुपयांच्या खाली विकता येणार नाही. ‘ब’ चा मात्र 4 पर्यंत खाली जाऊ शकतो, कारण त्यापोटी 6 आलेले आहेत. आपला 8 रु. भाव दोघांच्याही मर्यादेत बसतो.

कुणी विचारेल, ‘ब’ कडून 8 रु. आले ना, मग शेअर 2 रुपयांपर्यंत का नाही? कारण त्यातले 2 रु. प्रीमियम म्हणून बांधलेले आहेत. ते सूट भरून काढायला वापरता येत नाहीत. भांडवलापोटी आलेले 6 तेवढे मोकळे.

400 शेअर्सच्या पुनर्विक्रीची नोंद:

बँक खाते … नावे 3,200
शेअर जप्ती खाते … नावे 800
  शेअर भांडवल खात्याला 4,000
(जप्त केलेले 400 शेअर्स पूर्ण भरलेले म्हणून प्रत्येकी 8 रुपयांना पुन्हा विकले)

भांडवलाला पुन्हा पूर्ण दर्शनी किंमत. कमी पडलेले 800 जप्ती खात्यातून. पुनर्विक्रीत प्रीमियम घ्यायलाच हवा असे बंधन नाही. समजा भाव 11 मिळाला असता, तर सूट शून्य, वरचे 400 प्रीमियम खात्यात, आणि त्या शेअर्सची जप्तीची पूर्ण रक्कम शिल्लक राहिली असती.

आता शेवटची ओळ. पुन्हा विकलेल्या शेअर्सवर जप्ती खात्यात जे उरले ते भांडवली राखीव निधीत जाते. ‘पुन्हा विकलेल्या’ हा शब्द सोडू नका. गेल्या परीक्षेच्या एका गठ्ठ्यात मला एकाच प्रश्नाची तीन उत्तरे मिळाली होती, आणि या उदाहरणाच्या आकड्यांत ती तिन्ही दाखवता येतात.

पहिला म्हणतो, 2,100 मधून सूट 800 वजा, राखीव निधी 1,300. दुसरा थोडा सावध: 500 शेअर्सचे 2,100 तर 400 शेअर्सचे 1,680, त्यातून 800 गेले, उरले 880. तिसऱ्याचे उत्तर 700. तिसरा बरोबर आहे.

पहिल्याने न विकलेल्या 100 शेअर्सचे पैसेही नफा मानले. ते शेअर्स उद्या 4 रुपयांना गेले तर 600 ची सूट कुठून आणणार? दुसऱ्याने सरासरी काढली. सगळे शेअर्स एकाच माणसाचे असते किंवा सगळ्यांवर सारखेच पैसे आले असते, तर सरासरी चालली असती. इथे ‘अ’ च्या शेअरमागे 3 आले आणि ‘ब’ च्या शेअरमागे 6, आणि विकलेल्यांत ‘अ’ चे जास्त आहेत. म्हणून प्रत्येक गट वेगळा मोजायचा:

‘अ’ चे 300 शेअर्स: आले 3, सूट 2, उरले 1. 300 × 1 = 300.
‘ब’ चे 100 शेअर्स: आले 6, सूट 2, उरले 4. 100 × 4 = 400.

शेअर जप्ती खाते … नावे 700
  भांडवली राखीव निधी खात्याला 700
(पुन्हा विकलेल्या 400 शेअर्सवरील शिल्लक वर्ग केली)

जप्ती खात्यात आता 2,100 − 800 − 700 = 600 राहिले. ‘ब’ चे 100 शेअर्स अजून विकायचे आहेत आणि त्यांच्यापोटी 100 × 6 = 600 आलेले आहेत. आकडा बरोबर जुळला. ही पडताळणी मी प्रत्येक वेळी करायला लावतो, कारण ती अर्ध्या मिनिटात होते: पुनर्विक्रीनंतर जप्ती खात्यात उरलेली रक्कम आणि न विकलेल्या शेअर्सपोटी आलेली रक्कम एकच असायला हवी. पहिल्या विद्यार्थ्याच्या खात्यात 0 उरतात, दुसऱ्याच्या 420. दोघांनाही चूक स्वतःच सापडली असती.

प्रश्नात कुणाचे किती शेअर्स पुन्हा विकले हे सांगितलेले नसेल, तर बहुधा पुस्तकात ‘आधी अ चे सर्व व उरलेले ब चे’ अशी काहीतरी सूचना असते. ती शोधा, नसेल तर आपण काय गृहीत धरले ते उत्तराच्या आधी एका ओळीत लिहा.

याहून मोठी पडताळणी ताळेबंदाची. बँकेत आले 30,000 + 48,500 + 19,000 + 19,000 + 3,200 = 1,19,700. दुसऱ्या बाजूला 9,900 शेअर्सचे भांडवल 99,000, त्यात जप्त शेअर्सचे 600 मिळवून 99,600. प्रीमियम 20,000 मधून 600 गेले, राहिले 19,400. भांडवली राखीव निधी 700. बेरीज 1,19,700. ताळेबंदात ते 600 भाग भांडवलाच्या टिपणीत भांडवलात मिळवून दाखवतात, आणि प्रीमियम व राखीव निधी ‘राखीव निधी व शिल्लक’ या शीर्षकाखाली जातात. जप्ती खात्याची शिल्लक राखीव निधीच्या शीर्षकाखाली टाकणे ही आणखी एक नेहमीची चूक. जोवर शेअर विकला गेलेला नाही, तोवर ती रक्कम भांडवलाच्याच घरात राहते.

प्रश्न अवघड करायचा तर परीक्षक प्रमाणशीर वाटप आणतात. समजा 15,000 शेअर्सना अर्ज आले आणि प्रत्येकाला तीनाला दोन या प्रमाणात वाटप झाले. मग ‘अ’ ने 300 शेअर्स मिळवण्यासाठी 450 शेअर्सचा अर्ज केला होता, 450 × 3 = 1,350 भरले होते, आणि त्यातले जादा 450 वाटपाच्या पैशांत वळते झाले. वाटपाचे त्याचे देणे 1,500, त्यातून 450 वळते, थकले 1,050. आता सवाल असा: वळते झालेले 450 प्रीमियमपोटी मानायचे की भांडवलापोटी? रूढ पद्धत भांडवलाला आधी धरते. वाटपात त्याच्या भांडवलाचा भाग 900 रु., त्यात 450 सहज बसतात, म्हणून प्रीमियमपोटी काहीच आले नाही असे मानून 600 चा पूर्ण प्रीमियम नावे टाकायचा. जप्ती खात्याला 900 ऐवजी 1,350 जमा. तपासा: 3,000 + 600 = 3,600, आणि 1,050 + 600 + 600 + 1,350 = 3,600. पद्धत तीच राहिली. ‘किती आले’ हा आकडा तेवढा बदलला. मात्र कच्च्या कागदावरची पहिली ओळ आता ‘3 रु.’ नसून ‘4.50 रु.’ होते, आणि 8 ला पुनर्विक्री केली तर ‘अ’ च्या शेअरमागे 1 ऐवजी 2.50 उरतात.

जुन्या प्रश्नसंचांत कसर देऊन काढलेले शेअर्स भेटतील, कारण ते 1956 च्या कायद्याच्या काळातले असतात. तिथे वाटपाच्या वेळी कसरीची रक्कम ‘शेअर विक्री कसर खाते’ नावे टाकलेली असते. शेअर जप्त झाले की त्या शेअर्सपुरती ती कसर जमा करून मोडायची, अगदी न आलेला प्रीमियम मोडतो तसेच, फक्त बाजू उलटी. आणि पुनर्विक्रीत भांडवलाला पूर्ण दर्शनी किंमत जमा करताना मूळ कसर पुन्हा कसर खात्यातच नावे टाकायची. त्याहून जादा दिलेली सूट तेवढी जप्ती खात्यातून घ्यायची. समजा 10 चा शेअर मुळात 9 ला काढला होता आणि पुनर्विक्रीत 7 ला गेला, तर 3 रुपयांच्या फरकातला 1 कसर खात्यावर आणि 2 जप्ती खात्यावर. सगळे 3 जप्ती खात्यावर टाकले तर भांडवली राखीव निधी शेअरमागे 1 रुपयाने कमी येतो, आणि उत्तराच्या पानावरचा आकडा आपला का जुळत नाही याचा शोध बराच वेळ चालतो.

एक शेवटची गोष्ट, कारण वर्गात हमखास विचारली जाते: जप्ती झाली म्हणजे ‘अ’ सुटला का? टेबल एफ प्रमाणे नाही. तो सभासद राहत नाही, पण जप्तीच्या तारखेला त्याच्याकडून जे येणे होते त्याची जबाबदारी त्याच्यावर राहते, आणि त्या शेअर्सपोटीचे पूर्ण पैसे कंपनीला मिळाले की ती संपते. रोजकीर्दीत मात्र आपण ती थकबाकी केव्हाच मोडून टाकलेली असते, म्हणून ‘अ’ कडून नंतर येणे दाखवायची नोंद परीक्षेच्या उत्तरात कुठेही येत नाही.